लैंगिक छळ प्रतिबंध जागृती सत्र : जळगाव एमआयडीसीतील डाळ मिलच्या सर्व कामगारांसाठी

नमस्कार. निवडणीवरच्या ताई-मावश्या, हमाल दादा, मुकादम, ऑफिसची मंडळी, सगळ्यांना मुद्दाम एकत्र बसवलं आहे. कुणाकडे बोट दाखवायचं नाही, पण बोलायचं ते स्पष्ट बोलू.

राजस्थानात बालविवाह रोखण्याचं काम करणाऱ्या भंवरीदेवींवर 1992 मध्ये अत्याचार झाला. त्यानंतरच्या विशाखा खटल्यात 1997 साली सुप्रीम कोर्टाने नियम घालून दिले आणि 2013 मध्ये कायदा झाला. त्यामुळे हा कायदा फक्त ऑफिसातल्या मॅडमसाठी आहे असं समजू नका. रोजंदारीची, ठेकेदाराकडची, शिकाऊ, सगळ्यांना तो लागू आहे.

बाईला नको असलेला लैंगिक स्वरूपाचा स्पर्श, मागणी, बोलणं, हावभाव, अश्लील चित्र दाखवणं, हा छळ. "मी तर चेष्टा केली" हे उत्तर चालत नाही.

आपल्या मिलमध्ये हे कसं दिसतं? पोत्यांच्या थप्पीजवळ वाट मोकळी असूनही अंगाला घासून जाणं. हजेरी मांडताना "जरा हसून बोल, मग ओव्हरटाइम देतो" म्हणणं. घाणेरडा व्हिडिओ तिला दिसेल असा धरणं. नको म्हटल्यावरही रात्री व्हॉट्सॲपवर लाडीगोडीचे मेसेज. कंपनीच्या गाडीत घडलं तरी ते कामाच्या ठिकाणीच घडलं. ती गप्प राहिली म्हणजे तयार आहे, असं कुणी धरू नये. हातातली रोजी जाईल या भीतीने माणूस गप्प बसतो. डाळीत खडे राहिले म्हणून मुकादमाने टोकणं हा छळ नाही, मात्र तेही शिवी न देता सांगता येतं.

आता तक्रार. दहा किंवा जास्त कामगार असतील तिथे अंतर्गत समिती हवीच. अध्यक्ष बाईच असते, निम्म्या तरी सदस्य महिला असतात, एक सदस्य बाहेरची. मी तीच. घटनेपासून तीन महिन्यांत लेखी तक्रार द्या. सबळ कारण असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. लिहिता येत नसेल तर अहिराणीत सांगा, आम्ही लिहून घेऊ. चौकशी 90 दिवसांत संपवायची असते. तोवर बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. नावं बाहेर फोडायला कायद्याने मनाई आहे. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तक्रार खोटी ठरत नाही. दादांनो, तुमचंही म्हणणं पूर्ण ऐकलं जाईल.

तक्रार मालकाविरुद्धच असेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जा. तातडीने मदत हवी असेल तर 112 किंवा महिला हेल्पलाइन 181.

समितीच्या ताई आता उभ्या राहतील, चेहरे ओळखून ठेवा. सगळ्यांसमोर विचारायचं नसेल तर सुट्टी होईपर्यंत मी स्टोअरशेजारच्या खोलीत आहे.