विषय: काल संध्याकाळी दिसलेल्या चुकीच्या दरांबद्दल माफी

नमस्कार,

काल संध्याकाळी ६ ते ७ या वेळात आमच्या वेबसाइटवर पाव किलो शेवेला किलोचा दर लागत होता. ७० रुपयांऐवजी थेट २८०. सणाच्या खरेदीत आपल्याला हा मनस्ताप झाला, मनापासून माफी मागतो.

चूक आमचीच. नवी दरयादी चढवताना वजनाचा रकाना सरकला आणि प्रोग्रॅमने तो न तपासताच घेतला. जादा घेतलेली रक्कम आज सगळ्यांना परत पाठवली आहे. खात्यात यायला ५ ते ७ दिवस लागू शकतात. ऑर्डरी मात्र ठरल्या दिवशीच निघतील.

यापुढे १० टक्क्यांहून जास्त बदललेला दर दोघांनी तपासल्याशिवाय साइटवर दिसणार नाही. हिशेबात काही कमी-जास्त वाटलं तर याच ईमेलला उत्तर द्या, मी स्वतः पाहीन.

आपला,
दुकानाचा मालक
राजवाडा, इंदूर