‘तुर्भ्यापर्यंत’ या सिंगलच्या कव्हरसाठी प्रॉम्प्ट

चौरस कव्हर, 3000 × 3000 पिक्सेल. मराठी सिंगल, नाव ‘तुर्भ्यापर्यंत’. ठाणे–वाशी लोकलने रोज सोबत जाणारी दोघं. ती तुर्भ्याला उतरायची, तो पुढे वाशीपर्यंत. आता ती या गाडीला नसते. गाणं रडकं नाही, संथ आहे, गिटार आणि खालच्या पट्टीतला आवाज. भाव हुरहुरीचा: माणूस गेलंय, पण त्याची ऊब अजून जागेवर आहे.

चित्रात एकच वस्तू: लोकलच्या डब्यात छताला टांगलेलं, धरायचं त्रिकोणी हँडल. ते सरळ लोंबत नाही, डावीकडे साधारण वीस अंश कललेलं आहे, कुणीतरी या क्षणी हात सोडल्यासारखं. हा कल सगळ्यात महत्त्वाचा. हँडल सरळ लटकलं तर ती नुसती रेल्वेची वस्तू उरेल. कललं की हात न दाखवताही हात दिसतो. म्हणून हात, बोटं, बांगड्या, चेहरा, सावली यातलं काहीही नको.

पार्श्वभूमी जुलैतल्या ठाणे खाडीच्या रंगाची: चिखलाचा करडा आणि तिवरांचा काळपट हिरवा मिसळून झालेला, #2B3F3C च्या आसपास. वरच्या कडेला जवळपास काळी, खाली जराशी उजळ, ओल्या काचेतून दुपार दिसावी तितकीच. डब्याचा तपशील नको: खिडक्या, पंखे, बाकं, गर्दी, रूळ काही नाही.

दुसरा रंग शेंदरी, #E2572B, आणि तो फक्त हँडलच्या आडव्या दांडीवर, जिथे तळवा टेकायचा तिथे. खऱ्या हँडलला असा रंग नसतो, इथे तो हवाच. दांडीच्या मध्यावर सगळ्यात तापलेला, दोन्ही टोकांकडे विरत जाणारा, आणि वर पट्ट्यापर्यंत पोहोचेतो पार्श्वभूमीतच मिसळलेला. हा शेंदरी निऑनसारखा चमकता कामा नये. विझत आलेल्या निखाऱ्यासारखा आतून धुमसावा. शेंदरी आणखी कुठेही सांडू नये, नाहीतर चित्राचा जीवच जाईल.

पोत गवॉशसारखा, ब्रशचे फटकारे दिसणारे, कडा किंचित खरबरीत. फोटोसारखं गुळगुळीत नको, धातूवर चकाकी नको.

हँडल मध्यापासून थोडं उजवीकडे, पट्टा वरच्या कडेतून आत येणारा, हँडल आणि पट्टा मिळून चौकटीची निम्मी उंची व्यापणारे. अ‍ॅपच्या यादीत कव्हर नखाएवढं दिसतं. तेवढ्यातही त्रिकोण आणि त्याचा कल ओळखू यायला हवा.

चित्रात एकही अक्षर नको. खालचा डावा भाग पूर्ण मोकळा राहू दे, गाण्याचं आणि गायिकेचं नाव तिथे नंतर हाताने लिहायचं आहे.