आबांचा ळ

आबांनी सदुसष्टाव्या वर्षी इग्नूत बीएला अ‍ॅडमिशन घेतली आणि घरात पहिलं कोण बोललं असेल तर आजी, "डिग्री काय पोह्यांवर जीरावणसारखी भुरभुरवणार आहात का?" आबा म्हणाले, हो, थोडी तुला पण देईन.

त्यांची गोष्ट तशी साधीच. बीए फर्स्ट इयरला असताना वडील गेले, मग मिल, मग 1991 मधे मिलच बंद, मग क्लॉथ मार्केटात दुकानाच्या वह्या लिहिल्या आयुष्यभर. त्यामुळे अक्षर असं की बघत राहावं.

माझं बारावीचं वर्ष. राजवाड्याकडे तोंड असलेल्या खिडकीत एकच टेबल, एक पंखा, आम्ही दोघं. मी अकाउंट्स करतेय आणि शेजारी आबा मोठ्याने वाचतायत, आणि मधेच "बेटा, जून नाही जमला तर डिसेंबर आहे, आमच्याकडे परीक्षा दोनदा होते, तुमच्या बोर्डासारखं नाही" असं चिडवायचं. मला खरंच राग यायचा.

असाइनमेंट हाताने लिहायची, हिंदीत, कारण पुस्तकं हिंदी मीडियमची. आता इंदूरच्या मराठी माणसाला हिंदी काय नवीन, दिवसभर तीच बोलतो. पण आबांचा हात अडायचा एकाच ठिकाणी. ते होळकर लिहायचे. ळ ने.

"आबा, हिंदीत होलकर."

"ते हिंदीत. अहिल्याबाई काय हिंदीत जन्मल्या होत्या?"

"मार्क कापतील."

"कापू देत."

मी खोडून ल करायचे, ते माझं लक्ष नाही बघून परत ळ करायचे, त्या कागदाला शेवटी भोक पडलं आणि अख्खं पान परत लिहावं लागलं. चार तास. आजीने चहा दोनदा गरम करून दिला आणि तिसऱ्यांदा नाही दिला. नव्या पानावर पण ळच, आणि या वेळी जरा मोठा.

असाइनमेंट जमा झाली, मी पण ते विसरले. जानेवारीत प्रीबोर्डचा हिंदीचा पेपर हातात आला, निबंध 'मेरा शहर', 1 मार्क कापलेला, लाल गोल कशाला म्हणून बघते तर माझ्याच अक्षरात होळकर. कधी लिहिलं काही आठवत नाही. आई म्हणाली, एवढी साधी चूक कशी केलीस.

आबांनी चष्मा पुसला, पेपर खिडकीशी नेऊन बघितला, आणि इतके हसले की खोकला आला. मग म्हणाले, "तो एक मार्क माझ्याकडून घे. मला असाइनमेंटचेच तीस टक्के आहेत."

"तुमचे कुठे आले अजून?"

"येतील की," म्हणाले, आणि माझा लाल पेन उचलून तो ळ जरा नीट केला, म्हणे पोट बरोबर आलं नव्हतं.