भाजणीचा वास, एडिसनमध्ये

(दृश्य: थंडीची सकाळ. दुकानाच्या स्वयंपाकघरात कढईत डाळ भाजली जात आहे.)

निवेदन: दिवाळीच्या आधी आई सोऱ्या काढून ठेवी आणि तांदूळ, हरभराडाळ, उडीदडाळ, धने-जिरे वेगवेगळे भाजून दळलेल्या भाजणीचा वास घरभर दरवळे, तो वास न्यू जर्सीत वाढणाऱ्या आपल्या मुलांनाही ओळखीचा व्हावा, म्हणून आम्ही आजही तशीच भाजणी करतो.

(दृश्य: सोऱ्यातून कागदावर उतरणारी चकली.)

निवेदन: काटा नीट न आलेली चकली आम्ही विकत नाही. गोडा मसाला, मेतकूट, कोकमही येथे मिळेल. भारतातून आजी-आजोबा आले असतील, तर त्यांना अवश्य सोबत आणा. चव जमली आहे का, हे त्यांनीच सांगावे.

(पडद्यावर: ओक ट्री रोड, एडिसन. सोमवारी बंद.)