सूचना: मेंटेनन्स भरण्यासाठी नवे अॅप, नोंदणी 31 ऑगस्टपर्यंत

दि. 3 ऑगस्ट 2026
कुर्टी, फोंडा

प्रति,
अ, ब आणि क इमारतींतील सर्व सभासद, भाडेकरू आणि तळमजल्यावरील दुकानदार

सप्रेम नमस्कार,

रविवार 19 जुलैच्या सर्वसाधारण सभेत ठरल्याप्रमाणे 1 सप्टेंबरपासून मेंटेनन्सची बिले आणि पावत्या मोबाइल अॅपवरून मिळतील. त्यासाठी प्रत्येक फ्लॅटची आणि दुकानाची नोंदणी 31 ऑगस्टपर्यंत व्हायला हवी. 14 सप्टेंबरला चतुर्थी आहे. त्याआधी आठवडाभर आपल्यातले निम्मे लोक मूळ घरी जातात आणि बाकीचे माटोळीच्या बाजारात असतात. म्हणून मुदत महिनाअखेरची ठेवली आहे. कृपया शेवटच्या दिवसाची वाट पाहू नका.

हा बदल का करावा लागला, ते आधी सांगतो. सभेला सगळे नव्हते, आणि जे नव्हते त्यांनाही कारण कळायला हवे.

मार्च महिन्यात थकबाकीदारांची यादी जिन्याखालच्या फलकावर लावली होती. तिच्यात ब इमारतीतल्या एका ज्येष्ठ सभासदांचे नाव होते. त्यांनी जानेवारी, फेब्रुवारी आणि मार्च, तिन्ही महिन्यांचे पैसे वेळेवर भरले होते. मुलीने तिच्या खात्यातून पाठवलेल्या त्या पैशांसोबत फ्लॅटचा नंबर लिहिलेला नव्हता. बँकेच्या उताऱ्यात फक्त मुलीचे सासरचे नाव आणि एक लांबलचक आकडा दिसत होता. आमच्या खजिनदारांना ते पैसे कोणाचे हे समजायला तीन आठवडे लागले. तोपर्यंत ती यादी फलकावरच होती. त्या सभासदांची मी घरी जाऊन क्षमा मागितली आहे, इथेही पुन्हा मागतो. चाळीस वर्षे इमानाने नोकरी केलेल्या माणसाचे नाव अशा यादीत दिसावे, याचे मला आजही वाईट वाटते. आपल्या 48 फ्लॅटचा आणि 6 दुकानांचा हिशेब एका वहीवर आणि बँकेच्या उताऱ्यावर चालवला, तर हे पुन्हा होईल. अॅपमध्ये पैसे भरताना फ्लॅटचा नंबर आपोआप जोडला जातो. पैसे कोणाच्याही खात्यातून आले तरी ते तुमच्याच नावावर जमा होतात. थकबाकीची यादी फलकावर लावणे आता कायमचे बंद केले आहे. तुमची बाकी फक्त तुम्हाला आणि समितीला दिसेल.

नोंदणी कशी करायची

प्रत्येक इमारतीच्या जिन्याखाली या सूचनेच्या शेजारी क्यूआर कोडचा कागद लावला आहे. अॅप त्याच कोडवरून घ्यावे. प्ले स्टोअरवर किंवा अॅप स्टोअरवर नाव टाकून शोधू नका, कारण जवळपास त्याच नावाची दुसरी अॅप्सही तिथे आहेत. व्हॉट्सअॅपवर कोणी अॅपची फाइल पाठवली, तर ती उघडू नका. पाठवणाऱ्याच्या फोटोच्या जागी माझा फोटो असला तरीही नाही. समिती अशी फाइल कोणालाही पाठवणार नाही.

अॅप उघडल्यावर मोबाइल नंबर विचारला जातो. सोसायटीच्या सभासद नोंदवहीत आहे तोच नंबर द्या. त्या नंबरवर सहा आकडी ओटीपी येईल. नंबर बदललेला असेल, तर आधी ऑफिसमध्ये येऊन एका ओळीचा अर्ज द्या. नोंदवहीतला नंबर दुरुस्त झाल्यावरच अॅप तुम्हाला ओळखेल. क इमारतीच्या तळमजल्यावर रेंज कमी असते आणि पावसात वीज गेली की आणखी कमी होते. तिथल्या लोकांनी गेटजवळच्या शेडमध्ये येऊन नोंदणी केलेली बरी.

त्यानंतर इमारत आणि फ्लॅट निवडून `Join Society` हे बटण दाबायचे. अॅप इंग्रजी आणि हिंदीतच आहे. मराठीची मागणी आम्ही कंपनीकडे लेखी केली आहे, पण तोवर बटणांची नावे इथे स्क्रीनवर दिसतात तशीच देत आहे. बटण दाबल्यावर `Pending Approval` असे दिसेल. याचा अर्थ तुमचा अर्ज माझ्याकडे आला आहे. मी नोंदवही पाहून दोन दिवसांत मंजुरी देतो. घाईघाईने पुन्हा पुन्हा नोंदणी करू नका, एकाच फ्लॅटचे तीन अर्ज आले की कोणता खरा ते शोधण्यातच वेळ जातो.

अॅप फोनमधल्या काही गोष्टींची परवानगी मागेल. सूचनांसाठी `Allow` करा, म्हणजे बिल आल्याचे कळेल. संपर्क यादी आणि लोकेशन यांना `Don't allow` म्हणा. मेंटेनन्स भरायला त्यांची काहीही गरज नाही. मी स्वतः दोन्ही नाकारले आहे आणि अॅप नीट चालते. आधार किंवा पॅनचा रकाना दिसला तर तो रिकामा सोडा.

मंजुरी मिळाली की लगेच पैसे भरू नका. आधी `My Dues` उघडून 31 जुलैपर्यंतची बाकी तपासा. जुन्या वहीतले आकडे खजिनदारांनी आणि मी चार संध्याकाळी बसून भरले आहेत. काळजी घेतली आहे, पण चूक राहिली नसेलच असे म्हणता येणार नाही. तुमच्याकडच्या पावत्यांशी आकडा जुळला नाही, तर पावती घेऊन या. तो दुरुस्त होईपर्यंत त्या रकमेवर विलंब आकार लागणार नाही.

पैसे भरताना

मेंटेनन्सची रक्कम बदललेली नाही: दोन बेडरूमच्या फ्लॅटला महिन्याला ₹1,800, तीन बेडरूमला ₹2,300 आणि दुकानांना ₹1,500. अॅपचा वार्षिक खर्च सोसायटी करणार आहे, कोणाच्याही बिलात तो वेगळा दिसणार नाही. यूपीआयने भरल्यास जादा काही पडत नाही. क्रेडिट कार्डाने भरल्यास वरचा आकार तुम्हालाच द्यावा लागतो. तो पैसे भरण्याआधी स्क्रीनवर दिसतो. माझा सल्ला यूपीआयचाच आहे.

यूपीआयचा पिन टाकण्यापूर्वी घेणाऱ्याच्या जागी आपल्या सोसायटीचे पूर्ण नाव दिसते आहे ना, ते वाचा. एखाद्या माणसाचे किंवा दुसऱ्या संस्थेचे नाव दिसले, तर तिथेच थांबा.

कधी कधी खात्यातून पैसे जातात पण अॅपवर पावती येत नाही. अशा वेळी दुसऱ्यांदा भरू नका. फसलेल्या यूपीआय व्यवहारातले पैसे सहसा आपोआप परत येतात, आणि व्यवहार पुरा झाला असेल तर थोड्या वेळाने पावतीही येते. दुसऱ्या दिवसापर्यंत दोन्हीपैकी काहीच झाले नाही, तर यूपीआय व्यवहाराचा 12 आकडी संदर्भ क्रमांक मला कळवा. तुम्ही पैसे भरलेला दिवस हाच भरणा दिवस धरला जाईल, सोसायटीच्या खात्यात रक्कम दुसऱ्या दिवशी पोहोचली तरी.

दर महिन्याला आपोआप रक्कम कापली जाण्याची सोय अॅपमध्ये आहे. पहिले दोन महिने ती लावू नका. आकडे स्थिरावू देत.

जहाजावर, आखातात किंवा बाहेरगावी असलेले सभासद

आपल्याकडे असे नऊ फ्लॅट आहेत. समुद्रात असताना ओटीपी मिळणे कठीण, हे आम्हाला माहीत आहे. एका फ्लॅटसाठी दोन नंबर नोंदवता येतात. पत्नी, आई-वडील, भाऊ, ज्यांच्यावर तुमचा विश्वास आहे त्यांचा नंबर दुसरा म्हणून द्या. त्यासाठी तुमचा ई-मेल किंवा घरच्यांनी आणलेले सहीचे पत्र चालेल. फ्लॅट भाड्याने दिला असेल आणि मेंटेनन्स भाडेकरू भरत असेल, तर भाडेकरूची नोंदणी `Tenant` म्हणून करा, `Owner` म्हणून नको. मालकाने आपली नोंदणी तरीही करायची आहे, कारण बाकी राहिल्यास सोसायटी मालकालाच विचारते.

ज्यांच्याकडे स्मार्टफोन नाही

सभेत एका काकींनी विचारले होते, "मला ते काय जमायचं नाही, मग माझं पाणी बंद करणार का?" अजिबात नाही. मोबाइल नाही म्हणून कोणाचीही कुठलीही सोय थांबणार नाही. धनादेश पूर्वीसारखाच ऑफिसमध्ये घेतला जाईल. खजिनदार त्याची नोंद अॅपमध्ये करतील आणि छापील पावती घरी आणून देतील. रोख रक्कम मात्र 30 सप्टेंबरनंतर घेतली जाणार नाही. सोसायटीच्या खात्यात परस्पर पैसे पाठवणेही त्याच तारखेनंतर थांबवा, कारण वर सांगितलेला सगळा घोळ तिथूनच सुरू होतो.

मदतीसाठी शनिवार 8 आणि रविवार 9 ऑगस्टला, तसेच रविवार 16 ऑगस्टला सकाळी 10 ते 1 या वेळेत आम्ही ऑफिसमध्ये बसू. अ इमारतीतली कॉलेजची तीन मुले मदतीला असणार आहेत. येताना फोन चार्ज करून आणा आणि सिमकार्ड त्याच फोनमध्ये असू द्या. चालता येत नसेल तर निरोप पाठवा, आम्ही घरी येऊ. मुले बटणे दाखवतील, पण ओटीपी आणि पिन तुम्हीच टाकायचा. त्यांच्या हातात फोन देऊन उठून जाऊ नका. मुले चांगली आहेत, तरीही ही सवय आपल्याला लावून घ्यायची आहे.

आता सगळ्यात महत्त्वाचे. ओटीपी किंवा यूपीआयचा पिन कोणालाही सांगू नका. मी विचारला तरी नाही, खजिनदारांनी विचारला तरी नाही. पैसे मिळवण्यासाठी पिन टाकावा लागत नाही, तो फक्त पाठवण्यासाठी लागतो. "मेंटेनन्स जास्त भरलाय, परत घेण्यासाठी पिन टाका" असा फोन आला, तर तो ठेवून द्या. सोसायटीला कोणाचे पैसे परत द्यायचे असतील तर ते पुढच्या बिलात वळते केले जातात. फसवणूक झालीच, तर लाजून गप्प बसू नका. लगेच 1930 या सायबर हेल्पलाइनवर फोन करा, आपल्या बँकेला कळवा आणि तक्रार cybercrime.gov.in वर नोंदवा. फोन जितका लवकर, तितकी रक्कम अडवली जाण्याची शक्यता जास्त. त्यानंतर मलाही सांगा, म्हणजे इतरांना सावध करता येईल.

ऑफिस रोज संध्याकाळी 6 ते 8 उघडे असते, सोमवारी बंद. तातडीचे असेल तर माझे घर अ-203. नंबर गेटवरच्या फलकावर आहे. चतुर्थीच्या दिवसांत, 12 ते 20 सप्टेंबर, ऑफिस बंद राहील. सप्टेंबरचे बिल भरण्याची मुदत त्यामुळे 15 ऐवजी 25 सप्टेंबर ठेवली आहे.

आपला,
सचिव, व्यवस्थापकीय समितीकरिता

प्रत: तिन्ही इमारतींचे फलक, गेट, सोसायटीचा व्हॉट्सअॅप ग्रुप. मोबाइल नसलेल्या घरी छापील प्रत हातोहात दिली जाईल.