हत्यारांसाठी कुलूपबंद जाळी व इश्यू स्लिप सुरू करण्याबाबत

अंतर्गत टिपण क्र. स्टो/४१/२०२४
दिनांक: १२ ऑगस्ट २०२४

प्रति: प्लांट मॅनेजर साहेब, रबाळे प्लांट
प्रेषक: भांडार अधिकारी
प्रत: मेंटेनन्स, क्यूसी, एचआर, सिक्युरिटी

महोदय,

एप्रिल ते जुलै या चार महिन्यांत स्टोअरमधून गेलेली आणि परत न आलेली हत्यारे ३ ऑगस्टच्या मोजणीत अशी निघाली: डिजिटल मल्टिमीटर २, डिजिटल व्हर्नियर १, चार इंची ग्राइंडर ३, हॅमर ड्रिल १, तीन पायांचा बेअरिंग पुलर १ आणि रिंग पाने १७. खरेदीच्या बिलांप्रमाणे किंमत ४२,२५० रुपये. ग्राइंडरची तक्रार मी मे महिन्यात तोंडी केली होती, जूनमध्ये मेल केला. दोन्ही वेळा 'लक्ष ठेवा' असे ठरले. लक्ष ठेवूनही जुलैत ड्रिल गेले, म्हणून हे लेखी.

या यादीत टॉर्क रेंचही असता. तो मेमध्ये नाहीसा झाला आणि २६ जुलैला सापडला, मेंटेनन्सच्या जुन्या पॅनेलमागे, कॉटन वेस्टमध्ये नीट गुंडाळलेला. ठेवणाऱ्याने स्वतःच कबूल केले. त्याचे म्हणणे असे, की थर्ड शिफ्टला स्टोअरचे शटर बंद, चावी सिक्युरिटीकडे, सिक्युरिटीवाला गेट सोडून येत नाही, आणि पंप तर पहाटेपर्यंत चालू करून द्यायचा असतो. मग हाताशी ठेवलेले बरे. हे ऐकल्यावर मला त्याच्यावर फारसे रागावता आले नाही. आपल्याकडची निम्मी 'चोरी' ही अशी दडपून ठेवलेली हत्यारे असावीत, असा माझा अंदाज आहे. उरलेल्या निम्म्याबद्दल मी कोणाकडेही बोट दाखवत नाही, कारण दाखवायला माझ्याकडे कागदच नाही.

पण रेंच सापडला म्हणजे प्रकरण मिटले असे नाही. त्याची कॅलिब्रेशनची मुदत ३० जूनला संपली होती. शिवाय तो वरच्या सेटिंगलाच ठेवलेला होता. क्लिक रेंच काम झाल्यावर सर्वात खालच्या आकड्यावर आणून ठेवायचा असतो, नाहीतर आतली स्प्रिंग ताणात राहून तो चुकीचा टॉर्क देऊ लागतो. जुलैत तो कुठे कुठे वापरला हे कोणालाच सांगता येईना, म्हणून क्यूसीला सहा पंपांचे फ्लँज बोल्ट पुन्हा तपासावे लागले. ऑडिटरने हाच प्रश्न विचारला असता तर आपण काय उत्तर दिले असते, ते क्यूसीने सांगावे.

आता आमच्या रजिस्टरबद्दल. २३ जुलैच्या पानावरची एक नोंद जशीच्या तशी देतो: 'पाना – १, मेंट.' पुढे गांडुळासारखी एक सही. कोणता पाना, कितीचा, कोणी नेला, कधी आणणार, काही नाही. अशा नोंदी त्या एका पानावर अकरा आहेत. यात माझीही चूक आहे. जूनमध्ये मदतनीसाची जागा रिकामी झाल्यापासून रजिस्टर काउंटरवर उघडे असते आणि ज्याने त्याने आपापले लिहावे, असे मीच चालू दिले.

मागणी दोन गोष्टींची आहे आणि दोन्ही एकत्रच हव्यात. स्लिपशिवाय जाळी लावली तर चावी रोज या हातातून त्या हातात फिरेल. जाळीशिवाय स्लिप काढली तर घाईतला माणूस स्लिप न भरताच हत्यार उचलून जाईल.

जाळीसाठी स्टोअरचा मागचा कोपरा योग्य आहे. दोन बाजूंना भिंत आहे, उरलेल्या दोन बाजू १२ आणि १० फूट. ४० × ४० × ५ चा अँगल, ५० मिमी चौकोनाची वेल्डमेश, उंची ८ फूट. वरूनही जाळी हवीच. फक्त उभी जाळी लावली तर रॅकवर चढून आत उतरायला दोन मिनिटे पुरतील, हे रॅक लावणारा मी स्वतः सांगतो. देण्याघेण्यासाठी एक खिडकी आणि आतल्या भिंतीवर फळा, ज्यावर प्रत्येक हत्याराची आकृती रंगवलेली असेल. शिफ्ट संपताना रिकामी आकृती लांबूनच दिसते, मोजत बसावे लागत नाही. फॅब्रिकेशन आपल्याच बे मध्ये होईल, फक्त माल आणायचा आहे.

स्लिप तीन प्रतींची: पांढरी स्टोअरला, गुलाबी त्या विभागाच्या सुपरवायझरला, पिवळी पुस्तकात. तीवर तारीख, वेळ, शिफ्ट, नाव व टोकन नंबर, हत्याराचा कोरलेला नंबर, जॉब नंबर, देताना आणि परत घेताना स्थिती, दोघांच्या सह्या. सोबत प्रत्येकाला नंबराचा पितळी बिल्ला. हत्यार नेले की बिल्ला त्या आकृतीवर लटकेल. हॅक्सॉ ब्लेड, ग्राइंडिंग व्हील, हातमोजे यांना ही स्लिप नको, ते इंडेंटवरच राहू दे. नाहीतर पहिल्याच आठवड्यात लोक या पद्धतीला शिव्या घालतील. फिटरांचे रोजचे पाने आणि पक्कड त्यांच्या पेटीत कार्डावर कायमचे द्यावेत आणि तीन महिन्यांनी पेटी तपासावी.

थर्ड शिफ्टचा प्रश्न सोडवला नाही तर रेंच पुन्हा पॅनेलमागे जाईल. म्हणून दुसरी चावी सीलबंद डबीत शिफ्ट इन्चार्जकडे असावी. सील तोडले की नंबर आणि कारण लिहायचे, स्लिप त्यानेच फाडायची, सकाळी मी जुळवून नवे सील लावीन.

कॉन्ट्रॅक्टरची हत्यारे येतानाच गेटवर नोंदवावीत. त्यांचे आणि आपले ग्राइंडर एकाच कंपनीचे, एकाच रंगाचे आहेत. संध्याकाळी कोणता कोणाचा हे गेटवरच्या माणसाने कसे ओळखायचे? आपल्या हत्यारांवर नंबर कोरून पिवळा पट्टा मारू.

खर्च: जाळीचा माल ३४,२००, स्लिप पुस्तके २,८००, बिल्ले २,७००, कोरणी पेन १,९००. एकूण ४१,६०० रुपये.

मागच्या बैठकीत मेंटेनन्सच्या सर्वांच्या पगारातून सारखी रक्कम कापावी, अशी सूचना आली होती. ती कृपया मान्य करू नये. वेतन प्रदान कायदा, १९३६ प्रमाणे वस्तू त्या कामगाराच्या ताब्यात स्पष्टपणे दिलेली असेल, ती त्याच्याच हलगर्जीने गेली असेल आणि त्याला म्हणणे मांडायची संधी दिली असेल, तरच नुकसानीपोटी कपात करता येते. 'पाना – १, मेंट.' या नोंदीवर कोणाच्या ताब्यात काय दिले होते, ते सिद्ध होत नाही.

७ सप्टेंबरला गणपती आहेत. निम्मे फिटर कोकणात जातील, शटडाउनचे काम कॉन्ट्रॅक्टच्या माणसांवर येईल आणि हत्यारे सर्वात जास्त त्याच आठवड्यात फिरतील. माल यायला चार दिवस आणि वेल्डिंगला तीन दिवस धरले आहेत. १९ ऑगस्टपर्यंत मंजुरी मिळाली तर जाळी त्याआधी उभी राहील. वेल्डिंगचे हॉट वर्क परमिट आणि मदतीला एक वेल्डर, एवढे मेंटेनन्सकडून लागेल. तोवर, आजच्या सेकंड शिफ्टपासून, रजिस्टर मी काउंटरच्या आत घेतले आहे.

आपला,
भांडार अधिकारी
रबाळे प्लांट