अंतर्गत लेखापरीक्षण निरीक्षण अहवाल: पुरवठादार नोंदी, माल-आवक आणि देयके

प्रति: लेखापरीक्षण समिती
प्रत: वित्त प्रमुख, खरेदी प्रमुख, भांडार प्रमुख
तपासणीचा कालावधी: एप्रिल ते सप्टेंबर २०२५

या काळात पुरवठादारांच्या बँक खात्यांत झालेले सर्व ३१ बदल आणि माल-आवकेच्या ४० नोंदी तपासल्या. पगार व प्रवासखर्च या तपासणीत घेतलेले नाहीत. निरीक्षणे गांभीर्याच्या क्रमाने दिली आहेत.

निरीक्षण १: खातरजमा न करता बँक खात्यात बदल (जोखीम: उच्च)

निकष: खरेदी नियमावलीनुसार खाते बदलण्यापूर्वी आपल्याकडे आधीपासून नोंदवलेल्या क्रमांकावर फोन करून पुरवठादाराची खातरजमा करायची असते. बदल भरणारा आणि मंजूर करणारा वेगळा असावा.

वस्तुस्थिती: १४ बदलांत फोन केल्याची नोंद नाही. ६ बदल एकाच लॉगिनवरून भरले गेले आणि त्याच लॉगिनवरून मंजूरही झाले. ज्या प्रकरणांत फोन झाला होता, त्यांतलेच एक सर्वांत गंभीर आहे. नव्या खात्याची विनंती ई-मेलने आली. पत्ता नेहमीसारखाच दिसणारा, फक्त एक अक्षर जास्त. सोबतच्या लेटरहेडवर फोन क्रमांकही नवा होता. कर्मचाऱ्याने त्याच क्रमांकावर फोन लावला, पलीकडून होकार आला आणि खाते बदलले गेले. पुढचे पेमेंट त्या खात्याकडे रवाना झाले. खातेदाराचे नाव जुळत नाही म्हणून बँकेने रक्कम परत पाठवली.

कारण: बदलाच्या अर्जात ‘फोन केला: होय/नाही’ एवढाच रकाना आहे, कोणत्या क्रमांकावर केला आणि तो कुठून घेतला, हे विचारलेलेच नाही. कर्मचाऱ्याने अर्ज प्रामाणिकपणे भरला होता, त्यामुळे या प्रकरणाची जबाबदारी त्याच्यावर टाकणे आम्हाला योग्य वाटत नाही. दुसरे कारण असे की, मंजुरी देणारे अधिकारी दीर्घ रजेवर असताना त्यांचे अधिकार भरणाऱ्याला तात्पुरते दिले गेले आणि ते परत काढलेच नाहीत.

परिणाम: रक्कम वाचली ती बँकेच्या तपासणीमुळे. आपले नियंत्रण तिथे चालले नाही. अशा फसवणुकीत गेलेले पैसे परत मिळणे अवघड असते. शिवाय खऱ्या पुरवठादाराचे देणे तसेच राहते, म्हणजे तेच बिल दोनदा भरावे लागते.

शिफारस: (अ) फोनची नोंद नसलेल्या १४ पैकी उरलेल्या १३ प्रकरणांत खातरजमा आत्ता करावी आणि तोवर त्या पुरवठादारांची पेमेंट थांबवावीत. (आ) अर्जात फोन क्रमांक, तो कोणत्या जुन्या नोंदीतून घेतला, बोलणाऱ्याचे नाव आणि वेळ हे रकाने सक्तीचे करावेत. (इ) भरणे आणि मंजुरी एका लॉगिनला मिळणारच नाही, अशी सोय प्रणालीतच करावी. तात्पुरत्या अधिकारांना शेवटची तारीख घालावी.

व्यवस्थापनाचा प्रतिसाद: मान्य. १४ पैकी एका पुरवठादाराची खातरजमा तपासणीदरम्यानच झाली. (अ) ७ दिवसांत, बाकी ३० दिवसांत. जबाबदारी वित्त प्रमुखांची.

निरीक्षण २: आवक नोंद बिलावरून (जोखीम: मध्यम)

निकष: माल उतरवून, मोजून मगच आवक नोंद करावी. खरेदी आदेश, आवक नोंद आणि बिल जुळल्यावरच पेमेंट.

वस्तुस्थिती: ४० पैकी ९ नोंदींत आवक आकडा बिलाशी तंतोतंत जुळतो, पण गेट रजिस्टरशी जुळत नाही. एका दिवशी रजिस्टरवर १८ ड्रम आहेत; आवक नोंद आणि बिल दोन्हींवर २०.

कारण: उतरवण्याच्या जागी संगणक नाही. पावत्या दिवसभर ट्रेमध्ये साचतात आणि संध्याकाळी बिल समोर ठेवून नोंदी होतात.

परिणाम: तीन कागद जुळल्याचे दिसते, पण त्यांतली आवक नोंद बिलावरूनच उतरवलेली असते. न आलेल्या २ ड्रमचे पैसे दिले गेले. क्रेडिट नोटची मागणी आता केली आहे.

शिफारस: मोजणीच्या पत्रकावर आदेशातली संख्या छापू नये, मोजणाऱ्याने स्वतः आकडा लिहून सही करावी. गेट रजिस्टरशी रोज ताळा घालावा. उतरवण्याच्या जागी नोंदीसाठी एक टॅब्लेट द्यावा.

व्यवस्थापनाचा प्रतिसाद: अंशतः मान्य. गेटवरचे आकडे अंदाजे असतात, असे भांडार प्रमुखांचे म्हणणे आहे. सुट्या मालाबाबत ते आम्हा लेखापरीक्षकांना पटते. ९ पैकी ४ नोंदी तशाच आहेत. ड्रम मात्र एकेक मोजले जातात, म्हणून उरलेल्या ५ नोंदींवरचे निरीक्षण कायम ठेवत आहोत. मुदत ६० दिवस.

निरीक्षण ३: बदली झालेल्यांचे लॉगिन (जोखीम: मध्यम)

निकष: बदलीच्या दिवशीच जुने अधिकार बंद व्हावेत. वस्तुस्थिती: खरेदी विभागातून गेलेल्या ३ जणांचे लॉगिन चालू होते, त्यांचा वापर झाल्याचे आढळले नाही. कारण: बदली आदेशाची प्रत आयटी विभागाला जात नाही. परिणाम: जबाबदारी नसलेल्या व्यक्तीला आदेश मंजूर करता येतो. शिफारस: प्रत त्याच दिवशी पाठवावी, तिमाही आढावा घ्यावा. तिन्ही लॉगिन तपासणी चालू असतानाच बंद केले गेले.

पाठपुरावा: निरीक्षण १ची फेरतपासणी ४५ दिवसांनी होईल. त्या वेळी नवे खाते बदल आम्ही स्वतः निवडू आणि प्रत्येक पुरवठादाराला जुन्या नोंदीतल्या क्रमांकावर फोन करू.